कुठले फर्नांडिस?

पिदादबाईंच्या दाराला आतून तीन कड्या होत्या. एक वर, एक मधोमध, एक पार खाली उंबऱ्यापाशी. दौंडात आमची रेल्वेमागची आळी, दिवसा कुणाचं दार लागलेलं दिसलं तर लोक विचारायला यायचे, घरात आजारी हाय का कुणी म्हणून. आणि ह्या बाईंच्या घरातून भर दुपारी खट्, खट्, खट् असा आवाज यायचा. मी लग्न होऊन त्या आळीत आले तेव्हा पहिल्याच दिवशी तो आवाज ऐकला आणि सासूबाईंना विचारलं, शेजारी कोण राहतं? सासूबाई म्हणाल्या, "नर्स हाय. गोव्याची. चांगली हाय, पर लई भेदरट."

भेदरट म्हटल्यावर मला बरंच वाटलं. मी स्वतः भित्री भागूबाई. पाल दिसली तरी पलंगावर चढणारी. म्हटलं, चला, जोडीला कुणीतरी आहे.

पुढे कळलं की माझी भीती आणि त्यांची भीती यांत फार अंतर होतं. मी कशालाही भ्यायचे. त्या एकाच माणसाला भ्यायच्या. तो माणूस मुंबईत राहत होता आणि तो त्यांच्या भाचीचा बाप होता.

भाचीचं नाव नातालिन. मी आले तेव्हा ती सहा-सात वर्षांची असेल. सावळी, मोठ्या डोळ्यांची, मावशीचा पदर सोडायची नाही. तिची आई, म्हणजे पिदादबाईंची धाकटी बहीण, मुंबईत वारली. कशाने वारली हे बाईंनी मला एकदाच सांगितलं आणि परत कधी बोलल्या नाहीत. नवरा मारायचा. बहिणीच्या मातीला गेल्या त्या तिथूनच पोरीला उचलून घेऊन आल्या. तेव्हा तो म्हणाला होता, "मी नाही आलो तरी कुणाला तरी पाठवीन. पोरगी माझी आहे." पोरीवर माया म्हणून नव्हे. कुणाच्या तरी घरी वरकामाला ठेवायचं आधीच बोलून ठेवलं होतं त्याने. तो स्वतः आला असता तर बाईंनी लांबूनच ओळखला असता. पण पाठवलेला माणूस कसा ओळखायचा? त्या तीन कड्या त्याच्यासाठी होत्या.

बाई ठेंगण्या, गोऱ्या, केसांचा घट्ट अंबाडा, पायात आवाज न करणाऱ्या चपला. एका खाजगी प्रसूतिगृहात नर्स होत्या. हात इतके गार असायचे की बाळंतिणी दचकायच्या. बोलताना दर चार शब्दांनी मागे वळून बघायच्या. घरात मासळी शिजली की खिडकी लावून घ्यायच्या. मी म्हटलं, वासाला कोण नाव ठेवतंय इथं? तर म्हणाल्या, "नावं ठेवू देत गो. वासावरून कुणी माग काढू नये एवढंच." आता मुंबईचा माणूस बांगड्याच्या वासावर दौंडला येणार होता का? पण मी हसले नाही. भीतीला हसू नये, हे मला माझ्यावरून ठाऊक होतं.

त्यांच्या नावाची तर आळीने पार वाट लावली होती. पूर्ण नाव मारिया पिएदाद फर्नांडिस. आपल्याकडे मधलं नाव बापाचं किंवा नवऱ्याचं. त्यामुळे रेशनच्या दुकानात, पोस्टात, सगळीकडे लोक समजायचे की पिएदाद हा यांचा नवरा. एकदा तर कुणी दारात येऊन "पिएदादराव आहेत का घरात?" असं विचारून गेला. बाई दोन दिवस घाबरून होत्या, मग आम्हाला सांगताना त्यांनाच हसू फुटलं. म्हणाल्या, आमच्यात मारिया सगळ्याच असतात. घरातल्या चारही बहिणी मारिया. ते देवाच्या आईचं नाव, पुढे लावायचं म्हणून लावतात. ते वाचायचंच नाही, त्याच्या पुढचं वाचायचं. पुढचं नाव माणसाचं. गावात मला पिदाद म्हणतात, कारण माझ्या आईने पिदाद सायबिणीला, म्हणजे देवाच्या आईलाच, नवस केला होता.

मग मला नादच लागला. दुपारी पोरगी शाळेत, बाईंची रात्रपाळी असली की त्या घरी, आणि मी तांदूळ निवडायला त्यांच्याकडे. चर्चमध्ये येणाऱ्या रेल्वेच्या बायकांची नावं मी सांगायची आणि त्यांनी ती उलगडायची. नातालिन म्हणजे नाताळची. कोंसेसांव म्हणजे डिसेंबरात आठ तारखेला निर्मळ मातेचा सण असतो, त्या सुमाराची. बस्त्यांव जानेवारीचा, आंतोन आणि जुवांव पावसाच्या तोंडचे. पास्कोल ईस्टरचा. ज्या संताचा सण जवळ असेल त्याचं नाव पोराला पडायचं, निदान जुन्या लोकांत. मी म्हटलं, म्हणजे नावावरून वाढदिवस कळतो की. तर लगेच बोट वर करून म्हणाल्या, "नेहमी नाही. आधी आजोबा, मग सण."

तोच खरा नियम. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव. दुसऱ्याला आईच्या बापाचं. मुलींना तसंच आज्यांचं. आजे-आज्या संपले की मग पादीन-मादीन, म्हणजे बाप्तिस्म्याला बाळ हातावर घेणारे धर्मपिता आणि धर्ममाता, त्यांचं नाव. आणि मग संत. बाईंच्या आजोबांचं नाव कायतान. त्यांना मुलगे तीन. तिघांनीही आपापल्या पहिल्या मुलाचं नाव कायतान ठेवलं. एका अंगणात तीन कायतान. हाक मारली की तिघं वळायचे, म्हणून एक थोरला कायतान, एक कायतू आणि बाईंचा सख्खा भाऊ तो नुसता कायत.

माझी गौतमी त्याच बाईंच्या हातावर जन्मली. मी कळांनी ओरडत होते आणि त्या माझ्यापेक्षा जास्त थरथरत होत्या, पण हात मात्र ठाम. नाव ठरलं तेव्हा विचारलं, गौतमी का? मी म्हटलं, बुद्धपौर्णिमेच्या आठवड्यातली आहे म्हणून. बाईंचा चेहरा उजळला. "म्हणजे तुमच्यातही सण बघून ठेवतात." त्या दिवसापासून मी त्यांना जवळची झाले.

पण आडनावाची गोष्ट मला पचायला वेळ लागला. आडनाव विचारणारा माणूस मला मुळात आवडत नाही. आमचं आडनाव ऐकून समोरच्याचा पाण्याचा पेला हातातच थांबलेला मी लहानपणी पाहिला आहे. आडनाव सांगितलं की कूळ, जात, गाव, सगळं उघडं पडतं, हे मला आईच्या दुधाबरोबर कळलेलं. आणि ह्या बाई म्हणतात, आमच्या आडनावावरून काहीच कळत नाही.

"फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा," त्या म्हणाल्या. "रॉड्रिग्ज म्हणजे रॉद्रिगोचा. परेरा म्हणजे नाशपातीचं झाड. लोबो म्हणजे लांडगा."

"तुमच्या घरात कुणी फर्नांदो होता?"

"एकसुद्धा नाही गो. नाशपाती कुणी पाहिली नाही, लांडगा कुणी पाळला नाही. आमचे पूर्वज बाटले, म्हणजे पाण्याखाली डोकं धरलं, तेव्हा जो पाद्री होता किंवा जो पोर्तुगीज पादीन झाला, त्याचं आडनाव लागलं. एका दिवशी एका पाद्र्यापुढे अख्खा वाडा उभा. अख्खा वाडा फर्नांडिस. पलीकडच्या वाड्याला दुसरा पाद्री, ते सगळे डिसूझा. रक्ताचा काय संबंध?"

म्हणून त्यांच्या बहिणीचं लग्न फर्नांडिस असून फर्नांडिसाशी झालं होतं. हे आळीत कळलं तेव्हा बायकांनी तोंडाला पदर लावले. भावा-बहिणीत लगीन कसं लावलं म्हणे. बाईंनी समजावलं की तो मुंबईत जन्मलेला, त्याचं मूळ गाव कुठलं हे त्यालाच धड ठाऊक नव्हतं, आमच्या गावात तर त्याने कधी पाऊल टाकलं नाही. कुणाला पटलं नाही. सगळ्यांत जास्त नाही पटलं ते आप्पांना.

आप्पा म्हणजे आळीच्या तोंडाशी राहणारे, रेल्वेतून निवृत्त झालेले पॉइंटमन, गाड्यांचे सांधे बदलणारे. मूळचे जवळच्या राहू गावचे, धनगर. बाप मेंढरं घेऊन फिरला, आप्पांनी रूळ धरले. मोठ्या मनाचा माणूस. दिवसभर बाजेवर बसायचे आणि आळीत कोण आलं कोण गेलं याची खबर ठेवायचे. बाईंनी त्यांना हात जोडून सांगितलं होतं, आप्पा, नातालिनला विचारत कुणी परका आला तर घरात घेऊ नका. आप्पांनी तो शब्द देवाच्या शपथेसारखा पाळला. राखण करायची तर अशी, की पोस्टमनलासुद्धा नाव विचारायचे.

संध्याकाळी दिवा लावला की बाई पोरीला समोर बसवायच्या आणि सवाल-जवाब सुरू व्हायचा. भिंत पातळ, मला सगळं ऐकू यायचं. सुरुवातीला मला वाटलं, त्यांची प्रार्थना असेल.

"कोणी आला आणि मी फर्नांडिस म्हणाला तर?"

"कुठले फर्नांडिस, विचारायचं."

"गाव सांगितलं तर?"

"वाडा विचारायचा."

"वाडा सांगितला तर?"

"आमच्या घराला काय म्हणतात, विचारायचं."

"नाही सांगता आलं तर?"

"ओरडायचं."

घराला काय म्हणतात, ही त्यातली मेख. अख्खा वाडा फर्नांडिस, त्यात तीन-तीन कायतान, मग माणूस सापडणार कसा? म्हणून प्रत्येक घराला गावाने ठेवलेलं एक नाव असतं. ते कुठे लिहीत नाहीत, पाटीवर लावत नाहीत. गावातल्या माणसालाच ठाऊक. बाईंचे आजोबा माडावर चढून ताडी काढायचे. त्याला तिकडे रेंदेर म्हणतात. धंदा आजोबांबरोबर गेला, पण घर रेंदेराचंच राहिलं. मला ते सांगितलं तेव्हा बाईंनी आधी उठून खिडकी लावली होती.

नातालिन नाताळात दहा वर्षांची झाली आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आधी ती दुपार आली.

बाईंची दिवसपाळी होती. मी गौतमीला झोपवत होते. आप्पा माझ्या दारात आले, चेहरा नुसता फुललेला. म्हणाले, "सुमनबाय, आज बाईंच्या भावकीतला माणूस आला व्हता. लांबून आला गं, गोव्यावरनं. म्या चहा पाजला. शाळेत जाऊन पोर त्याच्या हाती दिली. दवाखान्यात घिऊन गेलाय, बाईला चकित करायचं म्हनला."

मी विचारलं, आप्पा, तुम्ही परक्याला नाही म्हणणार होतात ना?

"परका कुठला? फर्नांडिसच की त्यो. ब्रुनो फर्नांडिस. बाईंच्या थोरल्या चुलत्याचा थोरला ल्योक. येक आडनाव, येक रगात." आणि मग अभिमानाने सांगितलं की सकाळी एक खरोखरचा परका आला होता, तो आपण आळीच्या तोंडावरूनच परत लावला. बाईंचा सख्खा भाऊ म्हणत होता आणि आडनाव सांगितलं मिनेझिस. "सख्खा भाऊ आन् आडनाव येगळं! म्या म्हनलं, निघ."

दुसरं काही मला तेव्हा ऐकूच आलं नाही. मी गौतमीला सासूबाईंच्या मांडीवर टाकलं आणि रुळांखालच्या मोरीतून पळत प्रसूतिगृह गाठलं. मनात म्हणत होते, तिथे असू दे, पोर तिथे असू दे. बाई एकट्याच होत्या. हातात ट्रे होता. माझ्याकडे बघितलं आणि त्यांनी ट्रे हळूच खाली ठेवला, जणू इतकी वर्षं त्या ह्याच क्षणाची वाट बघत होत्या.

"कुणी नेली?"

मी सांगितलं. ब्रुनो फर्नांडिस, थोरल्या काकांचा थोरला.

बाई म्हणाल्या, "थोरल्याचा थोरला कायतानच असणार. ब्रुनो कसा असेल? आणि त्या कायतानाला मी स्वतः माती दिली आहे."

एवढंच बोलल्या आणि धावल्या. ती बाई, जी आवाज न करता चालायची, ती भर रस्त्यात पांढऱ्या ॲप्रनवर धावत होती आणि मोठ्याने मारिया मारिया म्हणत होती. मला धाप लागली, छातीत कळ आली, पण थांबायची हिंमत झाली नाही. स्टेशनकडे की स्टँडकडे, हे ठरवायला आम्ही चौकात एकच क्षण थांबलो. तेव्हा मुंबईकडची गाडी नुकतीच गेलेली होती. ती मिळाली असेल तर सगळं संपलं, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. स्टँडकडे वळलो, कारण तिकडे अजून आशा होती.

स्टँडवर गर्दीचा घोळका. मधून पोरीचं रडणं. लोकांनी एका माणसाची कॉलर धरली होती. उंच, टक्कल पडलेला माणूस, शर्ट खांद्यावर फाटलेला, ओठातून रक्त. आणि नातालिन त्याच्या कमरेला घट्ट मिठी मारून किंचाळत होती. मला वाटलं, सापडला मेला. मी चप्पल काढली होती हातात, खोटं कशाला सांगू.

पिदादबाईंनी त्या माणसाकडे बघितलं. खाली बसत म्हणाल्या, "सिप्रू."

काय झालं ते नंतर पोरीने आणि चहाच्या गाडीवाल्याने सांगितलं. आप्पा बरोबर होते तोवर पोर निर्धास्त होती. आप्पांनी हात धरून दिला म्हणजे माणूस आपलाच. पण शाळेच्या कोपऱ्यावर आप्पा परत फिरले आणि तो ब्रुनो दवाखान्याकडे न वळता स्टँडकडे वळला, तेव्हा तिला भीती वाटली. आवाज फुटेना. यवतमार्गे पुण्याला जाणारी गाडी लागली होती. पायरीवर पाय ठेवायच्या आधी तिने दांडी धरली आणि विचारलं, कुठले फर्नांडिस? तो हसला, गोव्याचे म्हणाला. वाडा कुठला? मोठा वाडा म्हणाला. मग तिने शेवटचं विचारलं, जीव खाऊन, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं, "आमच्या घराला गावात काय म्हणतात?"

तो म्हणाला, फर्नांडिसांचं घर म्हणतात, चल, चढ.

आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "रेंदेर."

तो माणूस शिरूरच्या गाडीची वाट बघत बसला होता. सकाळी बहिणीच्या आळीतून हाकलला गेला होता. बरीच वर्षं बोटीवर आणि आखातात काढून नुकताच रांजणगावच्या एका कारखान्यात कँटीन सांभाळायला लागला होता, बहिणीचा पत्ता गावाकडून मिळवून तिला न कळवता आला होता. ही पोर त्याने कधी पाहिलेलीच नव्हती. दौंडच्या स्टँडवर एक अनोळखी पोरगी आपल्या आजोबांच्या घराचं नाव विचारते आहे, एवढंच त्याला कळलं. पोरीनेही त्याला कधी पाहिलं नव्हतं. पण तिने दांडी सोडली आणि पळत जाऊन त्याला मिठी मारली. मावशीने एवढंच शिकवलं होतं, बरोबर सांगणारा तो आपला.

मग दोन पुरुष आणि एक रडणारी पोर. लोक धावले. लोकांनी नावं विचारली. पोर म्हणाली नातालिन फर्नांडिस. पहिला म्हणाला मी ब्रुनो फर्नांडिस, हिचा काका, हा बदमाश तिला पळवतोय. दुसरा म्हणाला मी सिप्रियान मिनेझिस, हिचा सख्खा मामा, तिच्या आईचा भाऊ. लोकांनी मिनेझिसची कॉलर धरली. दुसरं काय करणार? मी तिथे असते तर मीही त्याचीच धरली असती. मामाचं आणि आईच्या माहेरचं आडनाव एक नको का? ब्रुनो तेवढ्या गडबडीत निघून गेला. गाडीत बसला की रस्त्याने गेला, कुणी पाहिलं नाही. तो परत कधी सापडला नाही.

लोकांच्या तावडीतून सिप्रियानना सोडवायला बाईंना गळा कोरडा पडेपर्यंत बोलावं लागलं. आमच्या आईच्या वडिलांना मुलगा नव्हता. दुसऱ्या नातवाला आईच्या बापाचं नाव द्यायची रीतच होती, तर त्यांनी आडनावही मागून घेतलं, नाव बुडू नये म्हणून. पोर्तुगीज राज्यात तसं लावता यायचं. त्यामुळे एका आईची पोरं, मी फर्नांडिस आणि हा मिनेझिस. लोक ऐकत होते, मान हलवत होते, आणि कॉलर काही सोडत नव्हते. शेवटी त्या दोघांचे चेहरे शेजारी-शेजारी बघून चहाचा गाडीवाला म्हणाला, अरे सोडा, नाक बघा की दोघांचं.

तेवढ्यात आप्पा आले, काठी टेकत. त्यांनी फाटक्या शर्टाचा माणूस बघितला, सकाळचा. मग पोरीकडे बघितलं. मग तिथेच मातीत बसले. पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

बाई त्यांच्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "आप्पा, तुमच्याकडे आडनाव म्हणजे रक्त. तुम्ही तुमच्या रीतीनं बरोबर केलंत. मीच तुम्हाला परका म्हणजे कोण ते सांगितलं नव्हतं."

त्यानंतर आप्पा बाजेवर बसायचे, पण आळीत येणाऱ्या कुणालाही त्यांनी परत नाव विचारलं नाही.

महिन्याभरात बाई भावाबरोबर शिरूरला गेल्या. जाताना सगळ्यांना सांगितलं गोव्याला चाललो, आणि मला एकटीला शिरूर. रिकाम्या खोलीत मी गेले तर दारावर तीन कड्यांच्या खिळ्यांची भोकं तेवढी राहिली होती. कड्या त्या काढून घेऊन गेल्या होत्या. मी त्या रात्री आमच्या दाराची कडी दोनदा बघून आले. माझी भीती त्या दिवसापासून बदलली. पालीचं मला आता काही वाटत नाही. गौतमी शाळेतून पाच मिनिटं उशिरा आली की मी रस्त्यावर जाऊन उभी राहायचे, ती कॉलेजात गेली तरी.

मध्ये बरीच वर्षं गेली. भेटी झाल्या, पण थोड्या. तो मुंबईचा माणूस पुढे दारूने मेला असं कळलं, तरी बाईंच्या मनातून तो गेला नाही. पाठवणारा मेला म्हणून पाठवलेला थोडाच मरतो, म्हणायच्या. नातालिन नर्स झाली, मावशीसारखीच. सिप्रियानमामा वारले. आणि मग नातालिनचा फोन आला की मावशी आता माणसं विसरायला लागली आहे, जमलं तर येऊन जा.

मी शिरूरला गेले ती दुपारची. नातालिन कामावर होती, तिने फोनवर सांगितलं होतं, मी येईपर्यंत मावशी दार उघडणार नाही, ओट्यावर बसा. पण मला राहवेना. मी दार वाजवलं. आत चपला थांबल्याचं कळलं. म्हणजे आवाज थांबल्याचं नव्हे, आवाज तर त्यांच्या चपलांना कधी नव्हताच. दारामागे कुणीतरी श्वास धरून उभं आहे, एवढं कळलं.

"कोण?"

"बाई, मी सुमन. दौंडची."

"कुठली सुमन?"

मी माझं आडनाव सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी ते कुणी न विचारता सांगितलं असेल. मग बारीक, घाबरलेला आवाज आला. म्हाताऱ्या बाईचा नव्हे, दहा वर्षांच्या पोरीचा वाटावा असा.

"घराला काय म्हणतात?"

आमच्या घराला कुणी काही म्हणत नाही. मी दाराला कपाळ टेकलं. आणि हळू आवाजात, रस्त्यावर कुणी ऐकत नाही ना हे बघून, म्हणाले, "रेंदेर."

वरची कडी निघाली. मग मधली. खालची काढायला त्यांना वेळ लागला, वाकवत नव्हतं. दार उघडलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख नव्हती डोळ्यांत, पण हात पुढे आला, तसाच गार. मला आत ओढलं आणि म्हणाल्या, "उशीर केलास गो. मी किती भ्याले."

मग वळून तिन्ही कड्या परत लावल्या. मी त्यांच्याबरोबर आत होते.